तीन तारखा, एकच रिन्यूअल: म्युनिकमधून रद्द केलेल्या एका सबस्क्रिप्शनचं प्रकरण

माझा भाचा पुण्याहून म्युनिकला नोकरीसाठी गेला. जाण्याआधी, पुण्यात असतानाच, त्याने एका अमेरिकन कंपनीचं डिझाइनचं सॉफ्टवेअर वर्षभरासाठी घेतलं होतं. किंमत 144 डॉलर, पैसे भारतीय बँकेच्या क्रेडिट कार्डावरून, आणि दर वर्षी आपोआप रिन्यूअल. म्युनिकच्या कंपनीने त्याला त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर दिलं, त्यामुळे हे बंद करायचं ठरलं. 26 ऑक्टोबर 2025, रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, "मामा, मला तीन ठिकाणी तीन तारखा दिसतायत. खरी कुठली?"

मी बँकेच्या कार्ड विभागात, विशेषतः ग्राहकांच्या तक्रारींच्या टेबलावर, बरीच वर्षं काढली आहेत. परदेशातून येणाऱ्या तक्रारींमध्ये निम्मा गोंधळ तारखांचा असतो, उरलेला ओटीपीचा. इथे दोन्ही होते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

त्याच्यासमोर काय होतं ते आधी पाहू. कंपनीच्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की सबस्क्रिप्शन 27 ऑक्टोबरला रिन्यू होईल. त्याच्या ब्राउझरमध्ये जुनं लॉगिन अर्धवट शिल्लक होतं, त्या पानावर 28 ऑक्टोबर दिसत होतं. आणि मागच्या वर्षीच्या नोंदींमध्ये, मँडेट, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापायची बँकेला दिलेली परवानगी, नोंदवलं तेव्हाच्या बँकेच्या ईमेलमध्ये, पहिले पैसे 28 ला गेल्याचं होतं. त्यावरून आणि बँकेच्या नेहमीच्या पद्धतीवरून यंदा पैसे 29 ला कापले जातील असं दिसत होतं. भाच्याचा अंदाज असा, की पैसे 29 ला जाणार असतील तर 28 च्या रात्रीपर्यंत वेळ आहे. हा अंदाज सरळ वाटतो, पण चुकीचा आहे.

तिन्ही तारखा आपापल्या जागी बरोबर होत्या. अशा कंपन्यांच्या बिलिंग यंत्रणेत रिन्यूअल ही तारीख नसते, तो एक क्षण असतो, आणि तो यूटीसी, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या, वेळेत नोंदलेला असतो. तुम्ही पहिल्यांदा ज्या मिनिटाला पैसे भरले, बरोबर वर्षाने त्याच मिनिटाला पुढचा कालावधी सुरू होतो. भाच्याने पहिल्या पावतीचा ईमेल शोधला. ती 28 ऑक्टोबर 2024 ची, सकाळी 8 वाजून 10 मिनिटांची होती, अर्थातच भारतीय वेळेची. म्हणजे यूटीसीनुसार 28 तारखेचे पहाटेचे 2:40. कॅलिफोर्नियात त्या वेळी उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ एक तास पुढे केलेली वेळ, चालू असते, यूटीसीच्या सात तास मागे. तिथे 27 ऑक्टोबरचे संध्याकाळचे 7:40 वाजलेले असतात. कंपनीचे ईमेल कॅलिफोर्नियाच्या वेळेने निघतात, म्हणून त्यात 27. खात्याचं पान पाहणाऱ्याच्या ब्राउझरची वेळ दाखवतं, म्हणून म्युनिकमध्ये 28.

आता म्युनिकमध्ये तो क्षण किती वाजता येणार? इथे आणखी एक गाठ होती. म्युनिक आणि कॅलिफोर्निया यांच्यात एरवी नऊ तासांचं अंतर असतं. पण युरोपातली उन्हाळी वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते आणि अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या मधल्या आठवड्यात अंतर आठच तासांचं राहतं. (मार्चमध्येही असंच होतं, फक्त तेव्हा अमेरिका आधी बदलते आणि ही स्थिती दोन ते तीन आठवडे टिकते.) भाच्याचा फोन आला त्याच रविवारी पहाटे जर्मनीतली घड्याळं एक तास मागे गेली होती. म्हणजे रिन्यूअलचा क्षण म्युनिकच्या घड्याळात मंगळवार, 28 तारखेला पहाटे 3:40 ला. 28 च्या रात्रीपर्यंत थांबला असता तर तो अख्खा दिवस उशिरा पोहोचला असता. म्हणून असं काही रद्द करताना पानावरची तारीख पाहू नये, पहिली पावती काढावी. तिच्यावरच्या वेळेचं यूटीसीत रूपांतर करावं आणि त्याच्या किमान दोन दिवस आधी काम संपवावं. ॲपच्या दुकानातून घेतलेल्या सबस्क्रिप्शनला वेगळे नियम असतात. ॲपलकडे, उदाहरणार्थ, ट्रायल संपण्याच्या किमान 24 तास आधी रद्द करावं लागतं.

मग 29 तारीख कुठून आली? ती भारतीय नियमांतून. रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या चौकटीनुसार, जी 1 ऑक्टोबर 2021 पासून काटेकोरपणे लागू झाली, कार्डावरून वारंवार पैसे कापायचे असतील तर मँडेट ओटीपीने नोंदवावं लागतं आणि प्रत्येक कपातीच्या किमान 24 तास आधी बँकेने ग्राहकाला सूचना द्यावी लागते. 15,000 रुपयांपर्यंतच्या कपातीला त्यानंतर पुन्हा ओटीपी लागत नाही. त्यावरच्या रकमेला, काही ठरावीक प्रकारच्या कपाती सोडल्या तर, दर वेळी लागतो. (15,000 ही मर्यादा जून 2022 पासूनची, आधी ती 5,000 होती.) परदेशी कंपन्यांच्या कपातीही या चौकटीत येतात. काही परदेशी कंपन्यांची यंत्रणा आधी रिन्यूअलचं बिल काढते, मग बँकेकडे विनंती पाठवते, मग बँक सूचना पाठवते आणि 24 तासांनी पैसे जातात. त्यामुळे रिन्यूअल आणि कपात यांच्यात एक-दीड दिवसाची फट राहते.

ही फट फसवी आहे. तिच्यात बसून तुम्ही मँडेट रद्द करू शकता आणि पैसे वाचले असं वाटू शकतं. पण कंपनीच्या वहीत पुढच्या वर्षाचा करार आधीच सुरू झालेला असतो. मँडेट मोडलं की फक्त पैसे घेण्याचा रस्ता बंद होतो, देणं तसंच राहतं. कंपनी मग ईमेलवर ईमेल पाठवते, खातं थकबाकीत दाखवते, काही कंपन्या वसुली करणाऱ्यांकडे प्रकरण सोपवतात. जर्मनीत राहणाऱ्या माणसाला याची जास्त काळजी वाटायला हवी, कारण तिथे थकबाकीची नोंद घर भाड्याने घेताना आडवी येऊ शकते. म्हणून क्रम ठरलेला असावा: आधी कंपनीकडे रद्द, मग बँकेत मँडेट. उलटा नाही.

क्रम ठरला, पण करायचं कसं? खात्यात रद्द करण्याच्या पानावर जाण्यासाठी कंपनीने पुन्हा ओटीपी मागितला, आणि तो जाणार भाच्याच्या भारतीय नंबरवर. ते सिम होतं कोथरूडच्या घरात, त्याच्या टेबलाच्या खणात. जर्मन सिम घेतल्यावर त्याने भारतीय सिम काढून ठेवलं होतं, आणि उन्हाळ्यात घरी आला तेव्हा तिथेच विसरला. रिचार्जही संपलेला. घर बंद, कारण दिवाळीनंतर आई-वडील देवगडला गेले होते. कंपनीला चॅटवर गाठायचं तर त्यांची वेळ कॅलिफोर्नियातले कामाचे दिवस, सकाळी 9 ते संध्याकाळी 5. त्या आठवड्यात म्युनिकमध्ये ते संध्याकाळी 5 ते रात्री 1. म्हणजे रिन्यूअलच्या आधी एकच खिडकी उरत होती, सोमवारची संध्याकाळ, आणि ओळख पटवायला चॅटवरचा माणूसही त्याच नंबरवर कोड पाठवणार, हे जवळपास ठरलेलं.

रस्ता मिळाला तो भाचा राहत असलेल्या देशाच्या कायद्यामुळे. जर्मनीत 1 जुलै 2022 पासून नागरी संहितेतल्या कलम 312k नुसार, ग्राहकांना वेबसाइटवरून सतत चालणारे करार विकणाऱ्या व्यापाऱ्याने रद्द करण्याचं बटण देणं बंधनकारक आहे. बटणावरचे शब्दही कायद्यातच दिले आहेत: `Verträge hier kündigen`. ते दाबल्यावर एक फॉर्म येतो. नाव, करार ओळखता येईल अशी माहिती, ईमेल, कधीपासून रद्द करायचं, एवढंच, शेवटी `jetzt kündigen`. यासाठी लॉगिन लागता कामा नये. आणि व्यापाऱ्याने लगेच ईमेलसारख्या लेखी स्वरूपात पोच द्यावी लागते, तिच्यात सूचना कधी मिळाली त्याची तारीख आणि वेळ असावी लागते.

भाच्याला हे बटण आधी दिसलंच नव्हतं. कारण तो ऑफिसच्या सवयीने व्हीपीएन लावून बसला होता आणि कंपनीची साइट त्याला अमेरिकेतला समजत होती. व्हीपीएन बंद केल्यावर पानाच्या अगदी तळाशी, छोट्या अक्षरांत, ते बटण होतं. रविवारी रात्री सव्वानऊला त्याने फॉर्म भरला, पहिल्या पावतीचा क्रमांक टाकला, आणि दोन मिनिटांत पोच आली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. त्याने करार पुण्यात राहताना, भारतातून केला होता. त्या कराराला जर्मन कायदा लागतो का, हा वाद उकरला तर कंपनीचा वकील "नाही" म्हणू शकला असता. आपण कायद्याचा हक्क गाजवला असं समजायचं कारण नाही. आपण फक्त कंपनीनेच उघडलेला एक दरवाजा वापरला, आणि त्यातून आपल्या हातात वेळ टाकलेली लेखी पोच आली. मला हवी होती ती पोच. माणूस दुबईत किंवा न्यू जर्सीत असता तर हे बटण मिळालं नसतं. तिथे मी सांगितलं असतं की खात्याशी जोडलेल्या ईमेलवरूनच कंपनीच्या मदत विभागाला आणि बिलिंग विभागाला, दोघांनाही, लिही. पावती क्रमांक दे, कार्डाचे शेवटचे चार आकडे दे (पूर्ण क्रमांक कधीच नाही), रिन्यूअलची वेळ यूटीसीत लिही आणि "ओटीपीचा नंबर सध्या बंद असल्याने लॉगिन करता येत नाही, ही लेखी सूचना समजावी" एवढं एक वाक्य घाल. स्वयंचलित उत्तरात तिकीट क्रमांक येतो. पुढे बँकेत तोच पुरावा म्हणून चालतो.

सोमवारी दुपारी कंपनीकडून काहीच हालचाल नव्हती. मंगळवारी पहाटे खातं रिन्यू झालं. बटणाचा फॉर्म माणसांकडे जातो आणि बिलिंगचं यंत्र त्यांची वाट पाहत नाही, त्यामुळे हे अनपेक्षित नव्हतं. मंगळवारी सकाळी बँकेचा ईमेल आला: उद्या, 29 ऑक्टोबरला, 144 डॉलर कापले जातील, नको असेल तर इथे दाबा. भाच्याने दाबलं. ओटीपी मागितला, आणि तो पुन्हा खणातल्या सिमवर. ही बँकेची आडकाठी नाही. मँडेटमधून किंवा एका कपातीतून बाहेर पडतानाही दुसरी पडताळणी घ्यायची, असं चौकटच सांगते. कारण उघड आहे: तुमचा ईमेल दुसऱ्याच्या हाती गेला तर त्याने तुमची विम्याची कपात बंद करू नये.

एक मार्ग उरला होता. बँकेचं ॲप त्याच्या फोनवर एमपिनने उघडत होतं, आणि त्यात परदेशी व्यवहार बंद करण्याची कळ असते. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या निर्देशांनंतर प्रत्येक कार्डाला ती आहे. ती बंद केली असती तर बहुधा कपात अडली असती. आम्ही ती बंद केली नाही. त्याच कार्डावर त्याच आठवड्यात त्याच्या वेबसाइटच्या डोमेनचं रिन्यूअल होतं, आणि ही कळ एका कंपनीसाठी नसते, ती सगळ्या परदेशी व्यवहारांना एकदम लागते. 144 डॉलर परत मिळवता येतात. हातातून गेलेलं डोमेन परत मिळेलच असं नाही. शिवाय सूचनेची पोच हातात होती.

29 ला दुपारी पैसे गेले आणि लगेच बँकेचा दुसरा ईमेल आला, खाली बटण: "हा व्यवहार मी केलेला नाही". भाचा ते दाबणारच होता. मी फोनवर ओरडलोच म्हणा. हे बटण फसवणुकीसाठी असतं. ते दाबलं की बँक कार्ड तत्काळ बंद करते आणि नवं कार्ड नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवते. नोंदवलेला पत्ता कोथरूडचा. म्युनिकमधला माणूस पुढचे दोन-तीन आठवडे कार्डाशिवाय. आणि एवढं करून तक्रार टिकेलच असंही नाही, कारण कंपनी गेल्या वर्षीचा तोच व्यवहार दाखवते, ज्यावर कुणी हरकत घेतलेली नव्हती, आणि फसवणुकीचा दावा कमकुवत होतो. इथे फसवणूक झालेलीच नव्हती. रद्द केल्यावरही पैसे घेतले, ही वेगळी तक्रार आहे. व्हिसाच्या नियमांत तिचा वेगळा कोड आहे, 13.2, रद्द केलेला वारंवार व्यवहार. ती नोंदवायला व्यवहारापासून 120 दिवसांची मुदत असते आणि तिचा जीव एकाच कागदात असतो: रद्द केल्याची सूचना कपातीच्या आधीची आहे हे दाखवणारा. तो आपल्याकडे होता.

तरीही बँकेत जाण्याआधी कंपनीला एक संधी द्यायची असते, आणि बँकही ते विचारतेच. त्या संध्याकाळी पाच वाजता चॅट उघडल्याबरोबर भाच्याने पोचेचा ईमेल जोडून दोन ओळी लिहिल्या. चॅटवरच्या बाईंनी ओटीपी मागितला नाही, पोचेवरची वेळ पाहिली, आणि सांगितलं की पूर्ण परतावा पाच ते दहा कामकाजाच्या दिवसांत. करारही त्याच क्षणी बंद केला.

आता पैशांचा भाग. परतावा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला, आणि भाच्याचा पुन्हा फोन: "मामा, कमी आलेत." कमीच येतात. गणित सोपं राहावं म्हणून दर गोल धरतो. कपातीच्या वेळी डॉलर 88 रुपये, म्हणजे 144 डॉलरचे 12,672 रुपये. त्यावर या कार्डाचं परकीय चलनाचं मार्कअप 3.5 टक्के, म्हणजे 443 रुपये 52 पैसे. मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, 79 रुपये 83 पैसे. कार्डावरून एकूण गेले 13,195 रुपये 35 पैसे. परतावा आला त्या दिवशी दर 87 रुपये 20 पैसे धरला, तर 144 डॉलरचे 12,556 रुपये 80 पैसे होतात. फरक 638 रुपये 55 पैसे.

कंपनीने 144 डॉलर घेतले आणि 144 डॉलर परत केले. तिच्याकडून काही येणं नाही. बँक म्हणणार, चलन बदलण्याचं काम मी केलं, त्याचं शुल्क घेतलं. दर उलट फिरला असता, डॉलर वधारला असता, तर त्या भागात उलट फायदाही झाला असता, मार्कअप मात्र गेलंच असतं. बँकेला विनंती केली तर काही बँका मार्कअप सदिच्छेने परत देतात. हक्क म्हणून मागता येत नाही. हा फरक टाळायची एकच वेळ असते, व्यवहार अजून "पेंडिंग" असताना. तेव्हा कंपनीने तो रद्द केला तर कार्डावरची अडवलेली रक्कम जशीच्या तशी मोकळी होते, चलनबदल होतच नाही. एकदा व्यवहार पोस्ट झाला की जे येतं ते परतावा म्हणून, नव्या दराने. म्हणूनच 29 ला संध्याकाळी चॅट उघडायची वाट पाहणं सोपं नव्हतं, पण आमच्यासाठी दुसरा रस्ता नव्हता.

बऱ्याच जणांना वाटतं की साइटवर रुपयांत किंमत निवडली असती तर ही कटकट टळली असती. नेहमीच नाही. कंपनी परदेशात नोंदलेली असेल तर रुपयांतल्या व्यवहारावरही काही बँका एक टक्क्याच्या आसपास शुल्क लावतात, आणि रुपयांतल्या किमतीत कंपनीने आपला दर आधीच घातलेला असतो. कार्डाच्या शुल्कांच्या तक्त्यात "डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन" नावाची ओळ शोधली की कळतं.

शेवटचं काम राहिलं होतं, मँडेट. करार बंद झाला, परतावा आला, तरी बँकेच्या ॲपमध्ये मँडेट "ॲक्टिव्ह"च होतं. ते आपोआप जात नाही. कंपनीने उद्या पुन्हा विनंती पाठवली तर बँक ती स्वीकारेल, कारण तिच्या दृष्टीने परवानगी अजून जिवंत आहे. आई-वडील देवगडहून परतल्यावर आईने सिम जुन्या फोनमध्ये घातलं, आम्ही ऑनलाइन रिचार्ज केलं, आणि नंबर अजून मोबाइल कंपनीने काढून घेतला नव्हता हे नशीब. भाच्याने म्युनिकमध्ये ॲपवर मँडेट रद्द करण्याचं बटण दाबलं, पुण्यात आईच्या हातातल्या फोनवर ओटीपी आला, तिने फोनवरून वाचून दाखवला. बँका "ओटीपी कुणालाही सांगू नका" म्हणतात ते योग्यच आहे, आणि आईने आधी तेच ऐकवलं.

त्याच बैठकीत आम्ही आणखी दोन गोष्टी उरकल्या. उरलेल्या परदेशी खात्यांची दुहेरी पडताळणी एसएमएसवरून काढून ऑथेंटिकेटर ॲपवर नेली, म्हणजे पुढच्या वेळी लॉगिनसाठी तरी सिमची गरज नाही. आणि भारतीय सिमचं इंटरनॅशनल रोमिंग चालू करून ठेवलं. बँकेच्या ओटीपीसाठी ते लागणारच. सिम आता कुरिअरने म्युनिकला निघालं आहे, आणि डोमेनचं पुढचं रिन्यूअल कधी आहे ते त्याने यूटीसीत लिहून ठेवलंय.